रुब्रिक वापरण्याआधी ते कसं तपासायचं: एक प्रयोग-अहवाल उदाहरणादाखल

रुब्रिक म्हणजे निकष आणि स्तर ठरवून गुण देण्याचा तक्ता. तो नुसता वाचून तपासता येत नाही. वाचताना जवळजवळ प्रत्येक रुब्रिक बरंच वाटतं. निकष ओळखीचे असतात, स्तर नीट उतरत जातात, गुणांची बेरीज बरोबर येते. दोष दिसतात ते त्यातून एखादी खरी चूक चालवून पाहिली की. विद्यार्थ्याने अमुक चूक केली, तर या रुब्रिकप्रमाणे त्याचे किती गुण जातात आणि कुठे कुठे जातात, हे कागदावर मांडलं की तासाभरात कळतं की रुब्रिक काय म्हणतंय आणि प्रत्यक्षात काय करतंय.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या हाती पहिल्यांदाच कुणीतरी तयार रुब्रिक दिलंय आणि सांगितलंय, ‘एकदा बघून घ्या.’ स्वतः केलेलं रुब्रिक तपासायलाही हीच पद्धत चालते. बघायच्या गोष्टी तीन: एकमेकांवर चढलेले निकष, मोघम स्तर-वर्णनं आणि बेताल भारांश, म्हणजे कुठल्या निकषाला किती गुण याचं वाटप. याच क्रमाने बघा. भारांश सगळ्यात ठळक दिसतो म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. पण दोन निकष एकच निघाले आणि ते एकत्र केले, तर आधी केलेलं गुणांचं सगळं वाटप परत करावं लागतं.

उदाहरणाचं रुब्रिक

विद्यार्थ्यांनी लंबकाचा प्रयोग करायचा आहे. दोऱ्याची लांबी बदलली की दोलनकाल कसा बदलतो, हे स्वतः मोजून अहवाल लिहायचा. अहवाल ५० गुणांचा. निकष सहा आहेत: विषयाची समज १०, मांडणी व स्पष्टता १०, निरीक्षणे व नोंदी ५, विश्लेषण व निष्कर्ष १०, भाषा ५ आणि सादरीकरण १०. प्रत्येक निकषाला चार स्तर: उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक. म्हणजे दहा गुणांच्या निकषात १०, ७.५, ५ आणि २.५ गुण मिळतात. पाच गुणांच्या निकषात ५, ३.७५, २.५ आणि १.२५.

अशी रुब्रिकं सगळीकडे दिसतात. यातला एकही निकष वाचताना खटकत नाही, म्हणूनच उदाहरणाला हे घेतलंय.

आधी एक वाक्य लिहा

रुब्रिक बाजूला ठेवा आणि या कामातून विद्यार्थ्याला काय जमलं पाहिजे, ते एका वाक्यात लिहा. रुब्रिककडे न बघता लिहायचं. नाहीतर त्यातलेच शब्द वाक्यात येतात आणि मग दोन्ही जुळतात यात नवल नाही. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: ‘विद्यार्थ्याने एकच गोष्ट बदलेल असा प्रयोग आखावा, काळजीपूर्वक मोजमाप करावं आणि स्वतःच्या नोंदींवरून निष्कर्ष काढावा.’

आता या वाक्यातली क्रियापदं आणि रुब्रिकचे निकष शेजारी शेजारी ठेवा. मोजमापाला ‘निरीक्षणे व नोंदी’ आहे, निष्कर्षाला ‘विश्लेषण व निष्कर्ष’ आहे. आखणीला काहीच नाही. लंबकाचा गोळा तोच ठेवला का, प्रत्येक वेळी कोन लहान ठेवला का, लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजली की गोळ्याच्या मध्यापर्यंत, या प्रयोगातलं निम्मं शहाणपण अशा निर्णयांत आहे आणि रुब्रिकमध्ये त्याला जागाच नाही. उलट ‘मांडणी’, ‘भाषा’ आणि ‘सादरीकरण’ मिळून २५ गुण होतात, म्हणजे बरोबर निम्मे. वाक्यात तर यातलं एकही क्रियापद नव्हतं. लगेच बदल करू नका, फक्त टिपून ठेवा.

एकमेकांवर चढलेले निकष: एक चूक, किती ठिकाणी वजाबाकी?

आता चुकांची यादी करा. या कामात विद्यार्थी खरोखर करतात अशा पाच-सहा चुका पुरेत. जुने अहवाल हाताशी असतील तर त्यांतूनच घ्या. मग एकेक चूक घेऊन सहाही निकषांची वर्णनं वाचा आणि जिथे जिथे तिच्यामुळे स्तर खाली येईल तिथे खूण करा. इथे प्रामाणिक राहायला हवं. ‘आम्ही हे तिथे मोजत नाही’ असं म्हणायची मुभा नाही. वर्णनातल्या शब्दांनुसार तिथे गुण कापता येत असतील, तर कुणीतरी परीक्षक ते कापणारच.

दोन चुका घेऊन बघू.

पहिली: आलेखाच्या अक्षांवर एककं लिहिलेली नाहीत. ‘मांडणी व स्पष्टता’ मध्ये लिहिलंय, ‘तक्ते व आलेख सहज समजतात’. खूण. ‘सादरीकरण’ मध्ये लिहिलंय, ‘आलेख व आकृत्या पूर्ण व नीटनेटक्या’. खूण. ‘निरीक्षणे व नोंदी’ मध्ये लिहिलंय, ‘सर्व राशी एककांसह’. तिसरी खूण. प्रत्येक ठिकाणी एकेक स्तर खाली आला असं धरलं, तर वजाबाकी होते २.५ + २.५ + १.२५, म्हणजे ६.२५.

दुसरी: विद्यार्थ्याने प्रत्येक लांबीसाठी एकाच दोलनाचा वेळ एकदाच मोजला. ही मोजमापातली गंभीर चूक आहे. साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल एक सेकंद असतो, आणि हाताने घड्याळ सुरू-बंद करताना एक-दोन दशांश सेकंद इकडे तिकडे होतातच. म्हणजे दहा ते वीस टक्क्यांचा घोळ. वीस दोलनांचा वेळ मोजून वीसने भागलं असतं, तर तोच फरक अर्ध्या ते एका टक्क्यावर आला असता. आता रुब्रिकमध्ये बघा: ही चूक फक्त ‘निरीक्षणे व नोंदी’ मध्ये पकडली जाते. वजाबाकी १.२५.

म्हणजे या रुब्रिकच्या लेखी अक्षावर ‘सेकंद’ न लिहिणं हे मोजमापच चुकीचं करण्याच्या पाचपट वाईट आहे. रुब्रिक करणाऱ्याच्या मनात असं काही नसणार, हे मी खात्रीने सांगू शकते. निकष लिहिताना प्रत्येक निकष आपापल्या जागी पूर्ण वाटावा म्हणून आलेखाचा उल्लेख तीन ठिकाणी आला, एवढंच. पण गुण मनातल्या हेतूवर मिळत नाहीत, लिहिलेल्या शब्दांवर मिळतात.

चढलेले निकष सापडले की प्रश्न येतो: ते एकत्र करायचे, की दोन्ही ठेवून त्यांच्यातली हद्द आखायची? यासाठी एक साधी कसोटी आहे. पहिल्या निकषात वरच्या स्तराचा आणि दुसऱ्यात खालच्या स्तराचा असा एखादा अहवाल डोळ्यांसमोर आणता येतो का? आणि त्याच्या उलट? ‘मांडणी व स्पष्टता’ आणि ‘सादरीकरण’ यांबाबत प्रयत्न करून बघा. मांडणी उत्कृष्ट पण सादरीकरण अगदी खालचं, असा लेखी अहवाल मला तरी कल्पिता येत नाही. तो एकच निकष आहे, दोन नावांनी लिहिलेला. एकत्र करा.

‘विषयाची समज’ आणि ‘विश्लेषण व निष्कर्ष’ यांचं तसं नाही. दोलनकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, असं सूत्र आणि उपपत्तीसह सुरेख लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्या तक्त्यात ते नातं दिसतंय की नाही याकडे वळूनही बघत नाही, असं पुष्कळदा घडतं. म्हणजे हे निकष वेगळे आहेत. पण मग लक्षात येतं की ‘विषयाची समज’ चे दहा गुण पुस्तकातली उपपत्ती उतरवून काढण्यालाही मिळतात, आणि आपल्या वाक्यात तर ते मागितलेलंच नव्हतं. ज्या निकषाला जागा नाही तो आहे, आणि ज्याला हवी तो नाही. हे दहा गुण ‘प्रयोगाची आखणी’ कडे न्यायचे, हे इथेच ठरून गेलं.

चढणीचा आणखी एक प्रकार चटकन दिसत नाही: पुढे वाहत जाणारी चूक. विद्यार्थ्याच्या नोंदी चुकल्या, त्या चुकीच्या नोंदींवरून त्याने निष्कर्ष मात्र अगदी तर्कशुद्ध काढला. निष्कर्षाचे गुण कापायचे का? दोन परीक्षक इथे हमखास वेगळं वागतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. म्हणून रुब्रिकमध्ये नियम लिहून टाका: ‘निष्कर्ष विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहावा, योग्य उत्तराशी नाही.’ नोंदींच्या चुकीची शिक्षा नोंदींच्या निकषात झालेली असते.

हद्द आखताना प्रत्येक चुकीला एकच घर द्या. एककं कुठे मोजायची? आपण ठरवलं, मांडणीत. मग ‘निरीक्षणे व नोंदी’ मधला ‘एककांसह’ हा शब्द काढायलाच हवा. काही जण तो तसाच ठेवून वर सूचना लिहितात की एककांचे गुण इथे कापू नयेत. ऐन तपासणीच्या घाईत ती सूचना कुणी वाचत नाही.

मोघम स्तर-वर्णनं

‘विश्लेषण व निष्कर्ष’ या निकषाची मूळ वर्णनं अशी आहेत:

उत्कृष्ट: सखोल व प्रभावी विश्लेषण, अचूक निष्कर्ष.
चांगले: चांगले विश्लेषण, बऱ्यापैकी अचूक निष्कर्ष.
समाधानकारक: काही प्रमाणात विश्लेषण, अंशतः अचूक निष्कर्ष.
सुधारणा आवश्यक: अपुरे विश्लेषण.

यात स्तरागणिक फक्त विशेषणं बदलतात. ओळखायची खूण अशी: ‘विश्लेषण’ च्या जागी ‘लेखन’ आणि ‘निष्कर्ष’ च्या जागी ‘व्याकरण’ घालून बघा. वर्णन भाषेच्या निकषालाही जसंच्या तसं लागू पडतं. जे वर्णन कुठेही चालतं, ते इथे काही सांगत नाही. ‘सखोल’ म्हणजे किती खोल, हे प्रत्येक परीक्षक स्वतःच्या मनाने ठरवणार, आणि शंभरावा अहवाल तपासताना ते पहिल्या अहवालापेक्षा वेगळं ठरवणार.

वर्णन सुधारताना विशेषणाला आणखी विशेषणं जोडू नका. स्वतःला विचारा: ‘चांगल्या’ अहवालात असं काय दिसतं जे ‘समाधानकारक’ अहवालात दिसत नाही? उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आधी गुण दिलेले दोन जुने अहवाल घ्यायचे, एक वरच्या स्तराचा आणि एक त्याच्या लगेच खालचा, आणि त्यांतला फरक जसा दिसतो तसा लिहून काढायचा. मनातून लिहिलेलं वर्णन आणि अहवालातून आलेलं वर्णन यांत फार अंतर पडतं. आपल्या निकषाची वर्णनं अशी होतील:

४: निष्कर्ष स्वतःच्या नोंदींतील आकडे दाखवून मांडला आहे. लांबी व दोलनकाल यांचे नाते संख्येत सांगितले आहे. नोंदींमधील फरक कशामुळे आला असेल, याचा विचार प्रयोगातील विशिष्ट गोष्टीशी जोडून केला आहे.
३: आकडे व संख्येतील नाते आहे. नोंदींमधील फरकाचा विचार नाही, किंवा ‘मानवी चुका’ असा मोघम आहे.
२: नात्याची दिशा सांगितली आहे (लांबी वाढली की दोलनकाल वाढतो), नाते संख्येत नाही.
१: निष्कर्ष आहे, पण तो स्वतःच्या नोंदींवर आधारलेला दिसत नाही.
०: निष्कर्ष नाही.

इथे प्रत्येक स्तरावरून खाली येताना नेमकी एक गोष्ट गळते. परीक्षकाला एकामागून एक प्रश्न विचारता येतात: निष्कर्ष आहे का? नोंदींवरून आलाय का? नातं संख्येत आहे का? फरकाचा विचार आहे का? जिथे पहिलं ‘नाही’ येतं तिथे तो थांबतो.

वर्णनं अशी लिहिली तरी तीन गोष्टी परत तपासायला हव्यात.

पहिली म्हणजे वरचा स्तर प्रत्येकाला गाठता येतो का. चौथ्या स्तरावर आधी मी ‘न जुळणाऱ्या नोंदीची दखल घेतली आहे’ असं लिहिणार होते. पण ज्याने इतकं काळजीपूर्वक मोजलं की न जुळणारी नोंद आलीच नाही, त्याला तो स्तर कधीच मिळाला नसता. ज्याने उत्तम काम केलं त्याचेच गुण गेले असते. नोंदींमधला थोडाफार फरक मात्र प्रत्येकाच्या तक्त्यात असतो, म्हणून वर्णन त्यावर आणलं.

दुसरी म्हणजे एका वर्णनात दोन सुट्या गोष्टी बांधल्या आहेत का. मूळ रुब्रिकमध्ये नोंदींच्या वरच्या स्तराचं वर्णन आहे, ‘भरपूर नोंदी घेतल्या असून त्या व्यवस्थित तक्त्यात आहेत’. एखाद्याने आठ लांबींवर प्रत्येकी तीन वेळा मोजलं, पण आकडे कसेही लिहिले. दुसऱ्याने दोनच लांबी घेतल्या आणि तक्ता सुबक काढला. दोघे कुठल्या स्तरावर? वर्णन उत्तर देत नाही. अशा ‘असून’, ‘व’, ‘तसेच’ वर पेन्सिलने गोल करत जा. दोन्ही गोष्टी सहसा एकत्रच येत-जात असतील तर राहू द्या. सुट्या येऊ शकत असतील तर एक दुसऱ्या निकषात पाठवा. तक्त्याचं घर मांडणीत, नोंदींची संख्या आणि पद्धत इथे.

तिसरी म्हणजे आकड्यांचा मोह. मोघमपणा घालवायला लोक आकडे घालतात: ‘शुद्धलेखनाच्या ५ पेक्षा कमी चुका’. परीक्षकांचं एकमत यामुळे नक्की वाढतं, पण चार पानं लिहिणाऱ्याला एक पान लिहिणाऱ्यापेक्षा कमी गुण मिळतात. आकडा तिथेच घाला, जिथे संख्या हाच कामाचा गाभा आहे. ‘किमान ५ लांबी, प्रत्येकीसाठी किमान ३ वेळा मोजमाप’ हे योग्य आहे, कारण आलेखावरून नातं ओळखायला तेवढे बिंदू लागतातच.

एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. रुब्रिक विद्यार्थ्यांना आधी देणार असाल, तर वर्णनातून उत्तर फुटता कामा नये. परीक्षकाच्या प्रतीत ‘लांबी चौपट केली की दोलनकाल दुप्पट’ असं उदाहरण असावं, त्याशिवाय सगळे परीक्षक ‘नाते संख्येत’ याचा एकच अर्थ घेणार नाहीत. विद्यार्थ्याच्या प्रतीत मात्र ‘दोन राशींमधील नाते संख्येत सांगितले आहे’ एवढंच. वर कंसात दिलेली नात्याची दिशासुद्धा त्या प्रतीतून काढायची. स्तर तेच, उदाहरणं फक्त एका प्रतीत.

दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या

आता तीन ते पाच जुने अहवाल निवडा. त्यांत एक-दोन काठावरचे हवेतच, कारण अगदी उत्तम आणि अगदी वाईट अहवालांवर कुठलंही रुब्रिक चालतं. एका सहकाऱ्याला तेच अहवाल आणि रुब्रिक द्या आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता गुण द्या. त्याआधी रुब्रिक समजावून सांगू नका. तुमच्या तोंडी स्पष्टीकरणाशिवाय ते चालतं का, हेच तर बघायचंय.

शक्य असेल तर आडवं तपासा: आधी सगळ्या अहवालांचा पहिला निकष, मग सगळ्यांचा दुसरा. एकच अहवाल सलग सहा निकषांवर तपासला की पहिल्या छापाचा रंग पुढच्या गुणांवर चढतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे पाहून हेच दाखवलं होतं: शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण विचारले तरी उत्तरं संशय यावा इतकी एकसारखी येत होती. रुब्रिकच्या तपासणीत याचा अर्थ असा की दोन निकषांचे गुण सारखे आले म्हणून ते निकष चढलेलेच आहेत असं धरू नका. परीक्षकाच्या मनावरचा छापही त्यामागे असू शकतो, किंवा खरंच दोन्ही जमणारे विद्यार्थीही. आधी वर सांगितलेली कल्पनेची कसोटी लावा.

गुण आले की एकूण बेरीज बघू नका, निकषवार बघा. एकाने आखणीत ३ आणि निष्कर्षात २ स्तर दिला, दुसऱ्याने नेमकं उलट. दोघांनी मोजलेल्या स्तरांची बेरीज तीच, पण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. फरक कोणत्या दिशेने आहे तेही बघा. सहकारी एखाद्या निकषात प्रत्येक अहवालाला तुमच्यापेक्षा एक स्तर कमी देत असेल, तर तो कडक आहे, बोलून मिटेल. कधी वर, कधी खाली असा फरक पडत असेल, तर दोष वर्णनात आहे. आणि दोन स्तरांचा फरक एकदाही आला, तर ते वर्णन परत लिहायचं, यावर चर्चा नको.

बोलायला बसाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘हा स्तर देताना अहवालातल्या कुठल्या ओळीवर तुझं बोट होतं?’ ओळ दाखवता आली तर वर्णन काम करतंय. ‘एकंदर तसं वाटलं’ हे उत्तर आलं, तर वर्णन वाचलंच गेलं नाही, आणि त्यात वाचण्यासारखं काही नसणं हे त्याचं बहुधा कारण असतं. पाच अहवालांवर टक्केवारी काढत बसू नका. इतक्या थोड्या गुणांवरून आकडा काढला तरी त्याला अर्थ नाही. बोलणं मात्र मोलाचं आहे.

भारांश: कागदावरचा आणि खरा

आता गुणांकडे या. पहिल्या वाक्याशी ताडून निकषांचे गुण बघितले की मोठी चूक आधीच कळलेली असते: मोजमापाला ५ आणि दिसण्याला २५. पण भारांश आणखी दोन ठिकाणी लपतो.

एक म्हणजे सगळ्यात खालचा स्तर. आपल्या मूळ रुब्रिकमध्ये ‘सुधारणा आवश्यक’ या स्तराला दहापैकी २.५ मिळतात. निष्कर्ष लिहिलाच नाही तरी शून्य द्यायची सोय नाही. सहाही निकषांत तळाला असलेल्या अहवालाला ५० पैकी १२.५ मिळतात, म्हणजे खरी स्पर्धा ३७.५ गुणांतच असते. म्हणून वर मी ० हा वेगळा स्तर घातला. स्तरांमधली अंतरं सारखीच हवीत असं काही नाही. २ हा स्तर म्हणजे ‘पुरेसं जमलं’ असं ठरवलं असेल, तर त्याला मिळणारे गुण उत्तीर्णतेच्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतात, ते मात्र बघून घ्या.

दुसरं म्हणजे गुणांचा पसारा. सगळ्यांना सारखेच गुण मिळाले तर तो निकष दहाचा असो की वीसचा, कोण पुढे आणि कोण मागे हे तो ठरवत नाही. समजा नोंदींत जवळपास सगळ्यांना ‘चांगले’ मिळालं आणि सादरीकरणात गुण चारही स्तरांवर पसरले, तर निकाल सादरीकरण ठरवतं, नोंदी नाही. मागच्या वर्षीचे निकषवार गुण असतील तर हे मोजता येतं. स्प्रेडशीटमध्ये B ते G या रकान्यांत सहा निकष, H मध्ये एकूण आणि २ ते ३१ या ओळींत तीस विद्यार्थी असतील, तर B खाली हे सूत्र लिहून G पर्यंत ओढा:

```
=COVARIANCE.P(B2:B31,$H$2:$H$31)/VAR.P($H$2:$H$31)
```

प्रत्येक रकान्याखाली येणारा आकडा म्हणजे एकूण गुणांतल्या फरकात त्या निकषाचा वाटा. सहाही वाट्यांची बेरीज १ येते. नाही आली तर H मधली बेरीज तपासा. ‘निरीक्षणे व नोंदी’ चा कागदावरचा वाटा ५० पैकी ५, म्हणजे ०.१० आहे. सूत्राने ०.०४ दाखवलं, तर तो निकष कागदावर दिसतो त्याच्या निम्म्यानेही काम करत नाही.

हे नेहमीच दुरुस्त करायला हवं असं मात्र नाही. सुरक्षिततेचे नियम पाळले का, असा निकष असेल तर सगळ्यांना पूर्ण गुण मिळणं हेच आपल्याला हवं असतं. जिथे फरक दिसायला हवा होता आणि दिसला नाही, तिथे आधी वर्णनं बघा. मोघम वर्णन असलं की परीक्षक मधल्या स्तरावर थांबतात, आणि मग गुण वाढवून काही होत नाही.

दुरुस्त रुब्रिक आणि परत तीच चाचणी

आपल्या उदाहरणाचं शेवटी असं झालं: प्रयोगाची आखणी १२, मोजमाप व नोंदी १६, विश्लेषण व निष्कर्ष १६, मांडणी व भाषा ६. निकष सहाचे चार झाले, स्तर ० ते ४. म्हणजे एक स्तर खाली आला की अनुक्रमे ३, ४, ४ आणि १.५ गुण जातात.

आता सुरुवातीच्या त्याच दोन चुका परत चालवा. अक्षांवर एककं नाहीत: फक्त मांडणीत, १.५ गुण. एकाच दोलनाचा वेळ एकदाच मोजला: फक्त मोजमापात, निदान ४ गुण. आधी पहिली चूक दुसरीच्या पाचपट महाग होती. आता दुसरी पहिलीच्या अडीचपटीहून जास्त महाग आहे. सगळी यादी अशी चालवून बघा आणि चुका सगळ्यात स्वस्तापासून सगळ्यात महागापर्यंत मांडा. तो क्रम शिक्षक म्हणून तुम्हाला पटतो का? एखादी चूक भलत्या जागी दिसली, तर तिचं घर किंवा त्या घराचे गुण बदला.

एक प्रश्न हमखास येतो: रुब्रिक विद्यार्थ्यांना आधीच दिलेलं असेल तर? मग निकष आणि गुण बदलू नका. त्यांनी त्या आकड्यांकडे बघून आपला वेळ वाटलेला असतो. एवढं मात्र करता येतं की परीक्षकांसाठी एका पानाची टीप काढायची: कुठली चूक कुठल्या एकाच निकषात मोजायची, पुढे वाहत जाणाऱ्या चुकीचं काय करायचं, आणि प्रत्येक स्तराचं खऱ्या अहवालातलं एकेक उदाहरण. मूळ रुब्रिकवर अशी टीप लावली, तरी एककांची तिहेरी वजाबाकी ६.२५ वरून २.५ वर येते. आणि तपासणी सुरू झाल्यावर टीप काढावी लागली, तर आधी तपासलेले अहवाल तिच्याप्रमाणे पुन्हा बघावेच लागतात, अगदी दहा झाले असले तरी.